मुंजीनंतर काटा दीड किलोने का चढला?

"मॅडम, माझं वय ३८, उंची १५७ सेंटिमीटर, राहते सांगलीला, नोकरी बैठी. सात आठवड्यांपूर्वी वजन उतरवायला सुरुवात केली. मोजून १५०० कॅलरी खाते, रोज पाऊण तास चालते. महिना झाल्यावर डंबेल्सचा क्लासही लावला. दर शनिवारी सकाळी वजन करते. सुरुवातीपासूनचे आठ आकडे असे: ७४.२, ७२.०, ७१.७, ७१.८, ७१.८, ७१.१, ७१.०, ७१.०. पहिल्या आठवड्यात सव्वादोन किलो उतरलं आणि पुढच्या सहा आठवड्यांत जेमतेम एक. काल, रविवारी, भाच्याची मुंज होती पुण्याला. एकच जेवण सैल सोडलं आणि आज सकाळी काट्यावर ७२.६! पाळी नियमित, २८ दिवसांनी येते. सुरुवात केली त्याच्या आदल्याच दिवशी आली होती. थायरॉइडची तपासणी नॉर्मल आहे, कुठलीही गोळी चालू नाही. कुर्ते सैल झालेत, पण काटा मानत नाही. घरचे म्हणतात काटाच बिघडलाय. रात्रीचं जेवण बंद करू की मीठ सोडू? रडायला येतंय."
— सांगलीहून एक वाचक

ताई, रात्रीचं जेवण चालू ठेवा आणि मीठही सोडू नका. तुमची चरबी उतरते आहे. हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्याच आठ आकड्यांत ते दिसतंय. फक्त ते आठवड्यामागून आठवडा असे वाचले की दिसत नाही. पाळीच्या तारखा तुम्ही कळवल्यात हे फार चांगलं केलंत. त्यांच्याशिवाय मला हे उत्तर देता आलं नसतं.

आधी एक हिशेब. तुमच्या वयाच्या, उंचीच्या, वजनाच्या आणि बैठं काम करून पाऊण तास चालणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागतात. तुम्ही १५०० खाता. रोजची ४०० ची तूट, म्हणजे आठवड्याला २८००. शरीरातली एक किलो चरबी जळायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे तुमची चरबी आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरायला हवी, दिवसाला फक्त ५० ग्रॅम. आता दुसरी बाजू बघा. तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात की काटा त्या क्षणी एक किलो वर जातो. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन केलं तर श्वास, घाम आणि लघवीमुळे अर्धा ते एक किलोचा फरक सहज पडतो. मीठ, भात, पाळी, व्यायाम यांनी शरीरातलं पाणी एक-दोन किलोंनी वरखाली होत असतं. रोजचे ते ५० ग्रॅम या चढउतारात बुडून जातात. चरबी दररोज थोडी थोडी उतरत राहते आणि पाणी मात्र त्याच्या मर्जीने येतं-जातं. काट्याला दोन्ही वेगळी करून दाखवता येत नाहीत.

मुंजीपासून सुरुवात करते, कारण रडू त्याचं आलंय. शनिवारी ७१.०, सोमवारी ७२.६. ही १.६ किलो चरबी असती तर तुम्हाला तुमच्या गरजेपेक्षा १२,००० हून जास्त कॅलरी खाव्या लागल्या असत्या, म्हणजे रोजचं जेवण सोडून वर आणखी सहा दिवसांचं पोटभर जेवण. एका पंगतीत ते कुणालाच जमत नाही. मसालेभात, जिलबी, अळूची भाजी, पुऱ्या, मठ्ठा, दुसऱ्यांदा वाढलेली जिलबी असं सगळं धरलं तरी जास्तीच्या हजारेक कॅलरी झाल्या असतील. त्याची चरबी फार तर सव्वाशे ग्रॅम. उरलेलं दीड किलो कुठून आलं?

मोठा वाटा मिठाचा. पापड, कुरडया, लोणचं, मसालेभात, मठ्ठा, चटणी, कोशिंबीर: पंगतीतल्या प्रत्येक पदार्थात मीठ असतं आणि मोठ्या स्वयंपाकात हात जरा सढळच असतो. पापडखारातही सोडियमच असतं. रक्तातल्या आणि पेशींबाहेरच्या पाण्यातल्या सोडियमचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. सलाईनच्या बाटलीत एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, ते उगीच नाही. शरीराला साधारण तेवढाच खारटपणा चालतो. तुमच्या पोटात नेहमीपेक्षा ६ ग्रॅम मीठ जास्त गेलं, म्हणजे सपाट चमचाभर, तर ते आपल्या प्रमाणात ठेवायला शरीर सुमारे पाऊण लिटर पाणी धरून ठेवतं. आधी तहान लागते, आपण पाणी पितो आणि मूत्रपिंडं ते सोडायची थांबतात. मग दोन ते चार दिवसांत जास्तीचं सोडियम लघवीतून निघून जातं आणि त्याच्याबरोबर पाणीही. बोटातली अंगठी सकाळी घट्ट वाटली असेल किंवा मोज्याची रेघ पायावर खोल उठली असेल तर ती याचीच खूण.

दुसरा वाटा भात, पुरी आणि जिलबीचा, पण चरबी म्हणून नव्हे. पिठूळ आणि गोड पदार्थांतली साखर शरीर आधी ग्लायकोजेन म्हणून साठवतं, शंभरेक ग्रॅम यकृतात आणि चारशेच्या आसपास स्नायूंत. हे ग्लायकोजेन कोरडं राहत नाही. हरभरे भिजत घातले की पाणी पिऊन फुगतात, तसं प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं. तुम्ही सात आठवडे कमी खात आहात, त्यामुळे तुमचे हे साठे अर्धेमुर्धे रिकामे होते. मुंजीच्या जेवणाने त्यात दीडशे ग्रॅम भर पडली असं धरलं, तर काट्यावर सहाशे ग्रॅम चढले. आणि तिसरा, साधा वाटा म्हणजे अजून आतड्यात असलेलं अन्न. जेवण पोटातून पूर्ण बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी सकाळी त्यातलं बरंच आतच होतं. मीठ पाऊण किलो, ग्लायकोजेन सहाशे ग्रॅम, आतड्यातलं दोन-तीनशे ग्रॅम. तुमचे १.६ किलो इथेच संपले. पुणे-सांगली प्रवासात तासन् तास पाय खाली सोडून बसल्याने आणि जागरणाने पायांवर जी थोडी सूज येते, ती मी यात धरलेलीसुद्धा नाही.

हा हिशेब ग्रॅममध्ये तंतोतंत बसेल असं नाही. तुमच्या ताटात किती मीठ होतं ते मी मोजलेलं नाही. पण आकडे याच घरात आहेत. चार दिवस नेहमीसारखं जेवा, दुसरं काही करू नका. यातलं जवळजवळ सगळं आपोआप जाईल.

आता पहिल्या आठवड्याकडे या, कारण तुमची खरी फसगत तिथे झाली आहे. ७४.२ वरून ७२.० हा आकडा पाहून मनाने एक वेग ठरवला आणि पुढचा प्रत्येक शनिवार त्याच्याशी ताडून पाहिला. पण त्या २.२ किलोंत चरबी साडेतीनशे ग्रॅमच. एक किलोच्या आसपास ग्लायकोजेन, त्याचं पाणी आणि आतडं हलकं होणं. असं प्रत्येकाचं पहिल्या आठवड्यात होतं, पुरुषांचंही. उरलेलं जवळजवळ सगळं पाळीचं पाणी. तुम्ही सुरुवात केलीत ती पाळीच्या दुसऱ्या दिवशी. महिन्यातले सगळ्यात जड असलेले ते दिवस. ७४.२ हे तुमचं नेहमीचं वजन नव्हतंच. त्यात पाऊण-एक किलो असं पाणी होतं, जे तुम्ही काहीही न करता पुढच्या चार-पाच दिवसांत उतरणारच होतं.

पाळीचा हा भाग नीट सांगायला हवा. पथ्य चालू असताना बायका हताश होतात त्या बहुतेक वेळा इथेच, आणि वजन उतरवायचे बरेचसे तक्ते पुरुषाचं शरीर समोर ठेवून केल्यासारखे असतात.

पाळी सुरू झाल्याचा दिवस पहिला धरा. साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज सुटेपर्यंत, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात चौदाव्या दिवसाच्या आसपास, शरीरात पाणी कमी असतं. या दिवसांत काटा सगळ्यात खरं बोलतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. मूत्रपिंडाला 'सोडियम धरून ठेव' असं सांगणारं एक संप्रेरक आहे, अल्डोस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन त्याची जागा अडवतं. त्यामुळे सोडियम बाहेर जाऊ लागतं आणि ते भरून काढायला शरीर अल्डोस्टेरॉन वाढवतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे मेंदू पाणी राखण्याचा इशारा एरवीपेक्षा लवकर देऊ लागतो. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं, त्याची अडवणूक संपते, पण वाढलेलं अल्डोस्टेरॉन लगेच उतरत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात हळूहळू पाणी साचत जातं. छाती जड वाटते, पोट फुगतं, चेहरा सुजल्यासारखा होतो. त्यातच प्रोजेस्टेरॉनने आतड्याची चालही मंदावते, त्यामुळे बद्धकोष्ठाचे दोन दिवस म्हणजे काट्यावर आणखी काही ग्रॅम.

अनेकींना वाटतं की हे पाणी पाळीच्या आधी सगळ्यात जास्त असतं आणि पाळी आली की लगेच उतरतं. मोजून पाहिलं तेव्हा पाणी सर्वांत जास्त भरलं ते पाळीच्या पहिल्या दिवशीच. त्यानंतर ते ओसरतं आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक निघून जातं. सगळ्या बायकांची सरासरी काढली तर हा फरक अर्ध्या किलोच्या आसपास येतो. पण सरासरीत प्रत्येकीचं वेगळेपण हरवतं: कुणाला काहीच जाणवत नाही, कुणाचं दीड-दोन किलो वर जातं. तुमचा फरक तुमच्याच वहीतून कळेल. तुमच्या आकड्यांवरून मला तो पाऊण ते एक किलो वाटतो.

शेवटच्या आठवड्यात भूकही थोडी वाढते, विशेषतः गोडाची. ती खरी भूक असते, तिला मनाचा कमकुवतपणा समजू नका. त्या पाच-सहा दिवसांत रोज शंभरेक कॅलरी जास्त गेल्या तर महिन्याच्या हिशेबात तो फरक पुसट होतो.

आता ते आठ आकडे पाळीच्या दिवसांप्रमाणे मांडू. तुमचा प्रत्येक शनिवार चक्रातल्या ठरावीक दिवशी येतो: दुसरा, नववा, सोळावा, तेविसावा, मग पुन्हा दुसरा. म्हणून एका शनिवारची तुलना आदल्या शनिवारशी करायची नाही, चार आठवड्यांपूर्वीच्या शनिवारशी करायची.

नववा दिवस: पहिल्या चक्रात ७२.०, दुसऱ्या चक्रात ७१.१. फरक ९०० ग्रॅम.
सोळावा दिवस: ७१.७ आणि ७१.०. फरक ७०० ग्रॅम.
तेविसावा दिवस: ७१.८ आणि ७१.०. फरक ८०० ग्रॅम.

दुसऱ्या दिवसाची जोडी, ७४.२ आणि ७१.८, मी बाजूला ठेवते. त्यात पहिल्या आठवड्याचं ग्लायकोजेन मिसळलेलं आहे, म्हणून ती फार गोड दिसते. बाकी तिन्ही जोड्या एकच सांगतात: चार आठवड्यांत सातशे ते नऊशे ग्रॅम कमी. एका जोडीवर मी विश्वास ठेवला नसता, पण तिन्ही एका दिशेने बोलतात. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात काटा ७१.८ वर अडकला होता ना? त्या दोन आठवड्यांत चरबी सातशे ग्रॅम उतरली असणार आणि पाळीचं पाणी तेवढंच चढलं. बेरीज-वजाबाकी होऊन काट्यावर शून्य. पाचव्या शनिवारी पाणी ओसरलं आणि सातशे ग्रॅम एकदम 'उतरले'. ते त्या आठवड्यात उतरले नव्हते, त्या आठवड्यात दिसले.

तरी एक प्रश्न उरतो. हिशेबाने चार आठवड्यांत १.४ किलो जायला हवं आणि दिसतं पाऊण किलोच्या थोडं वर. अर्ध्या किलोचा हा फरक मला डंबेल्सच्या क्लासचा वाटतो. स्नायूंना सवय नसलेलं वजन उचललं की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. तीन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतात, ते तेच. ती भरून काढताना स्नायूत पाणी येतं. शिवाय व्यायाम करणारा स्नायू आधीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवायला शिकतो आणि त्याच्याबरोबर पुन्हा पाणी आलंच. नवा क्लास लावल्यावर अर्धा ते एक किलो असं चढणं नेहमीचं आहे. ते वाढत राहत नाही. तीन-चार आठवड्यांत एका पातळीला येऊन थांबतं आणि दुखणं कमी होतं तसं थोडं उतरतंही. क्लासमध्ये कुणी सांगेल की 'चरबी गेली आणि तेवढा स्नायू वाढला'. तीन आठवड्यांत, तेही कमी खात असताना, एवढा स्नायू होत नाही. हे पाणी आहे आणि ते चांगल्या कारणाने आलेलं आहे. क्लास सोडू नका. कुर्ते सैल झालेत ते बरोबरच आहे, कारण चरबीला जागा जास्त लागते आणि कमरेभोवतीची गेली की कापडाला आधी कळतं.

रात्रीचं जेवण बंद केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काटा चारशे-पाचशे ग्रॅम खाली दिसेल. त्यातले बहुतेक ते जेवण आतड्यात नसल्याचे. तेवढ्याने तुमची खात्री पटेल की उपाय लागू पडला आणि मग तुम्ही तो सोडणार नाही. पण १५०० मधून आणखी चारशे गेल्या तर उरतात अकराशे. तेवढ्यात डाळ, दही, अंडी, उसळ यांतून लागणारी प्रथिनं बसवणं फार कठीण होतं आणि ती कमी पडली की स्नायू झिजतात. डंबेल्सचे कष्ट वाया जातील. शिवाय दीर्घकाळ फार कमी खाणं आणि कमी झोप यांचा शरीरावर ताण पडतो, कॉर्टिसॉल वाढतं आणि त्यानेही पाणी साचतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा अभ्यास झाला होता. सहा महिने अर्धपोटी राहून त्यांचं वजन जवळजवळ चौथाईने घटलं, आणि तरी त्यांच्या पायांवर सूज आली होती. तुमची स्थिती त्याच्या जवळपासही नाही, पण कमी खाणं आणि पाणी साचणं एकाच शरीरात एकाच वेळी होऊ शकतं, हे त्यातून स्पष्ट होतं.

मीठ अचानक सोडलं तर दोन दिवसांत किलोभर पाणी निघून जाईल, चरबीचा एक ग्रॅमही जाणार नाही, आणि पहिल्या खारट आमटीला सगळं परत येईल. मधल्या काळात उन्हात चालताना चक्कर येईल ती वेगळीच. सैंधवाने फरक पडत नाही, तेही सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते ते रक्तदाबासाठी. तेवढ्यासाठी लोणचं-पापड कमी केलेत तर उत्तमच, पण ते रोज सारखंच राहू द्या. काट्याचा गोंधळ मीठ जास्त असल्याने तितका होत नाही, जितका एक दिवस अळणी आणि एक दिवस खारट खाल्ल्याने होतो. पाणी कमी पिऊनही उपयोग नाही, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हात लावू नका. पोटॅशियम बिघडलं तर हृदयाचे ठोके चुकतात.

काटा बिघडलाय का, हे घरीच तपासता येतं. कणकेचं न फोडलेलं दहा किलोचं पोतं ठेवून बघा, आणि स्वतः लागोपाठ तीनदा उतरून चढून बघा. फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा बाथरूमच्या उताराच्या लादीवर नको. रोज जागा तीच. काट्यावर चरबीची टक्केवारी दिसत असेल तर ती रोज वाचू नका. तो आकडा पायांतून सोडलेल्या सूक्ष्म विजेवरून काढलेला असतो आणि अंगात पाणी वरखाली झालं की तोही बदलतो.

वजन कधी करायचं, तर पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत चार दिवस रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. चार आकड्यांची सरासरी काढून वहीत लिहा. महिन्याचा तुमचा खरा आकडा हा एकच. त्याच दिवशी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेपने कंबर मोजा. मधले शनिवार चालू ठेवायला हरकत नाही, पण आकड्याशेजारी चक्राचा दिवस लिहिल्याशिवाय ठेवू नका. ज्या वाचकांना पीसीओएसमुळे पाळी अनियमित येते, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात किंवा ज्यांची पाळी जायच्या बेतात आहे, त्यांना हे दिवस धरून चालता येत नाही. त्यांनी रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती निदान सहा आठवडे पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

वजन खरोखर थांबणं हेही असतं, ते मी नाकारत नाही. दोन पाठोपाठच्या चक्रांत सातव्या ते दहाव्या दिवसांची सरासरी सारखी आली आणि कंबरही हलली नाही, तर पाण्याला दोष देऊ नका. मग आधी तेल बघा. एका छोट्या चमच्यात, ५ मिलिलिटरमध्ये, ४० ते ४५ कॅलरी असतात. फोडणीला हात सैल पडून रोज तीन चमचे जास्त गेले की तुमच्या ४०० च्या तुटीतला एक तृतीयांश गेला. ते ताटात मोजता येत नाही, पण महिन्याला मोजता येतं. घरात महिन्याला किती तेल आणता, त्याला माणसांनी आणि तिसांनी भागा. चार माणसांत तीन किलो संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज २५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. तुमच्या १५०० मध्ये एवढ्या धरल्यात का? आणि भाजीत घातलेलं दाण्याचं कूट: एका मोठ्या चमच्याला पन्नास-साठ कॅलरी, जे मोजायला जवळजवळ सगळेच विसरतात. वजन उतरल्यावर शरीराची गरजही थोडी घटते, पण तीन किलोंमागे ती घट दिवसाला चाळीस-पन्नास कॅलरींची. तेवढ्याने काटा थांबत नाही.

पाण्याचं एक वजन मात्र थांबून बघायचं नसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त चढलं आणि नडगीवर अंगठा दाबून काढल्यावर खळगा तसाच राहिला, आडवं झाल्यावर दम लागला, सकाळी डोळ्यांभोवती सूज आली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासावं लागतं. अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी, स्टेरॉइड, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि मधुमेहातली पायोग्लिटाझोन यांनीही सूज येते. तुम्हाला गोळ्या नाहीत, पण हे वाचणाऱ्या कुणाला असतील तर त्यांनी मनाने बंद न करता विचारून घ्यावं. आणि पाळी ठरल्या दिवशी आलीच नाही, तर आधी गरोदरपणाची चाचणी करा.

आठवा शनिवार पुन्हा तुमच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी येतो. त्या दिवशी काटा ७१ च्या आसपास दिसेल, कदाचित वरच. तो आकडा लिहा आणि वही मिटा. नववा शनिवार म्हणजे नववा दिवस. त्याची तुलना ७१.१ शी करायची. माझ्या हिशेबाने तेव्हा काटा ६९.८ ते ७०.३ च्या दरम्यान यायला हवा. आला तर जेवण आणि क्लास दोन्ही जसं चाललंय तसंच चालू द्या. ७१ च्या आसपासच राहिला तर महिन्याच्या तेलाचा हिशेब आणि तीन दिवसांचं सगळं खाणं, चहासकट, लिहून मला पाठवा; आपण पुढचं त्यावरून ठरवू.